एकच कॉस्टिक, चार वेगळी उत्तरं : बारावीचं ऑरगॅनिक पाठ करायचं की मेकॅनिझमने शिकायचं?

पंचगंगाकाठ

मुलगी बारावी सायन्सला आहे. राजारामपुरीतल्या आमच्या घरात तिच्या कपाटाची दोन्ही दारं चिठ्ठ्यांनी भरली आहेत. एका चिठ्ठीवर एक रिअ‍ॅक्शन. वर कशात काय घातलं ते, खाली काय मिळालं ते. काल मोजल्या तर १६४ भरल्या, आणि अमाइन्स अजून सुरूही व्हायचे आहेत. रोज जेवण झालं की मी चिठ्ठ्या काढून विचारतो आणि ती उत्तरं सांगते, असा आमचा नेम आहे.

परवा योगायोगाने एकामागून एक चार चिठ्ठ्या अशा निघाल्या की चारहींत सोडियम हायड्रॉक्साइड होतं. अ‍ॅसिटाल्डिहाइडमध्ये घातलं की अल्डॉल. बेंझाल्डिहाइडमध्ये घातलं की बेंझाइल अल्कोहोल आणि सोडियम बेंझोएट. एथिल अ‍ॅसिटेटमध्ये घातलं की सोडियम अ‍ॅसिटेट आणि अल्कोहोल. अ‍ॅसिटोनमध्ये आयोडीनबरोबर घातलं की पिवळा आयोडोफॉर्म. तिने दुसऱ्याचं उत्तर तिसऱ्याला सांगितलं, मग तिसऱ्याचं चौथ्याला, आणि शेवटी रडायलाच लागली. म्हणाली, "बाबा, कॉस्टिक तेच आहे ना? मग दर वेळी वेगळं का होतं?"

मी बी.कॉम. झालेला माणूस. मला उत्तर देता आलं नाही. ऑफिसातला एक सहकारी म्हणतो, मेकॅनिझम कळला की पाठ करायचं निम्मं कमी होतं. हे खरं आहे का? आणि असलं तर या चार चिठ्ठ्यांवर कुणी मला ते करून दाखवेल का? मला कळलं तर मी तिला सांगू शकेन.

---

नादखुळा_०९

दादा, एवढं सोपं असताना रडवलंत पोरीला! अल्डिहाइडला अल्फा हायड्रोजन, म्हणजे C=O च्या शेजारच्या कार्बनवर H, असला की अल्डॉल, नसला की कॅनिझारो. अ‍ॅसिटाल्डिहाइडला आहे, बेंझाल्डिहाइडला नाही. एस्टर आणि आयोडोफॉर्म हे वेगळे चॅप्टर. आमच्या क्लासला हेच सांगितलं होतं आणि मला मार्कही चांगले पडले. विषय कट.

---

तवंदी_घाट

मी मेकॅनिझमच्या वाट्याला गेलोच नाही. सगळं पाठ केलं आणि आज इंजिनिअर आहे. सीईटीला फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न, वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरसुद्धा नाही. तिथे इलेक्ट्रॉन कुठून कुठे गेले त्याचे बाण काढत बसणार का? चिठ्ठी बघितल्या बघितल्या उत्तर आलं पाहिजे. तुमच्या मुलीची पद्धत बरोबर आहे, फक्त उजळणी वाढवा.

---

शाहूपुरी_३री_गल्ली

क्लास कुठला लावलाय? आमच्या भाच्याचंही असंच होत होतं. क्लास बदलला आणि दोन महिन्यांत फरक पडला.

---

पंचगंगाकाठ

@शाहूपुरी, क्लासबद्दल तक्रार नाही. तिथे शिकवतात चांगलं. मला त्या चार चिठ्ठ्यांचं कोडं सोडवायचं आहे.

---

करवीरकर_मास्तर

मी ३१ वर्षं कॉलेजात ऑरगॅनिक शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमच्या मुलीने विचारलेला प्रश्न फार चांगला आहे. त्या चार चिठ्ठ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि तिलाही जवळ बसवा.

चारही रेणूंत कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यात डबल बाँड आहे. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतो, त्यामुळे तो कार्बन उपाशी असतो. OH⁻ कडे इलेक्ट्रॉन भरपूर. तो येऊन त्या कार्बनला चिकटतो. कार्बनला हात चारच, म्हणून पाचवा आला की डबल बाँडमधली एक जोडी ऑक्सिजनवर ढकलली जाते आणि तो O⁻ होतो. आता त्या कार्बनवर चौघे आहेत: O⁻, नुकताच आलेला OH, आणि आधीपासूनचे दोघे.

इथपर्यंत चारही चिठ्ठ्या सारख्याच आहेत. पुढे O⁻ ला पुन्हा डबल बाँड करायचा असतो, पण त्यासाठी बाकीच्या तिघांपैकी एकाला आपली इलेक्ट्रॉनची जोडी घेऊन बाहेर पडावं लागतं. तेव्हा प्रत्येक चिठ्ठीला एकच प्रश्न विचारायचा: कोण सुटणार?

जो ती जोडी घेऊन बाहेर सुखाने राहू शकतो, तो सुटतो. क्लोराइड सहज राहतो. OR आणि OH साधारण एका तोलाचे, बरे राहतात. NH₂ ला फार जड जातं. साधा H किंवा CH₃ जवळजवळ कधीच जात नाही. हा क्रम मनाचा नाही. HCl, अल्कोहोल, अमोनिया, मिथेन हे आपला प्रोटॉन किती सहज सोडतात ते बघा, त्यांचा क्रमही हाच आहे. pKa सांगायचा तर HCl चा उणे ७, अल्कोहोलचा १६, अमोनियाचा ३८ च्या आसपास, मिथेनचा ५० च्या आसपास.

आता चिठ्ठ्या घ्या. एथिल अ‍ॅसिटेट. कार्बनवर CH₃, OC₂H₅ आणि OH. CH₃ जाणार नाही. OH गेला तर जिथून निघालो तिथेच परत. OC₂H₅ गेला तर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड तयार होतं. त्या अ‍ॅसिडचा प्रोटॉन भोवतालचा बेस लगेच काढून घेतो आणि सोडियम अ‍ॅसिटेट होतं. त्याच्यावर आधीच ऋण भार, त्यामुळे त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. परतीचं दार बंद.

अ‍ॅसिटाल्डिहाइड. कार्बनवर H, CH₃ आणि OH. पहिल्या दोघांना जाता येत नाही, म्हणून आलेला OH च परत जातो. येतो, जातो, काहीच घडत नाही. पण तेवढ्यात दुसरा एखादा OH⁻ शेजारच्या CH₃ मधला एक प्रोटॉन काढतो. आता तो शेजारचा कार्बनच ऋण झाला, आणि तो दुसऱ्या अ‍ॅसिटाल्डिहाइडच्या उपाशी कार्बनवर जाऊन बसतो. हाच अल्डॉल. म्हणजे हल्ला तोच, हल्ला करणारा बदलला. इथेही कुणी सुटू शकत नाही, म्हणून O⁻ पाण्याकडून प्रोटॉन घेऊन OH होतो आणि थांबतो.

बेंझाल्डिहाइड. कार्बनवर H, बेंझिनची रिंग आणि OH. शेजारच्या कार्बनवर काढण्यासारखा प्रोटॉनच नाही, म्हणून अल्डॉलची वाट बंद. OH येतो आणि जातो. पण कॉस्टिक चांगलं घट्ट, ५० टक्क्यांच्या आसपास असलं आणि वेळ दिला, तर एक अवघड गोष्ट घडते. H आपली जोडी घेऊन सुटतो, पण मोकळा बाहेर पडत नाही. समोर उभ्या असलेल्या दुसऱ्या बेंझाल्डिहाइडच्या कार्बनवर थेट सोपवला जातो. देणारा अ‍ॅसिड झाला, घेणारा अल्कोहोल झाला. म्हणून त्या चिठ्ठीवर दोन पदार्थ आहेत.

अ‍ॅसिटोन आणि आयोडीन. आधी एका CH₃ चे तिन्ही H एकेक करून जातात आणि त्यांच्या जागी आयोडीन बसतं, CI₃ होतं. मग OH⁻ कार्बनवर येतो. साधा CH₃ सुटत नाही, पण CI₃ सुटतो, कारण तीन आयोडीन मिळून ऋण भार सांभाळतात. बाहेर पडला की त्याला प्रोटॉन मिळतो आणि CHI₃ होतो. तोच तुमचा पिवळा आयोडोफॉर्म.

---

पंचगंगाकाठ

सर, दोनदा वाचलं. आता तिला वाचायला दिलंय. "कोण सुटणार" हे मलासुद्धा कळलं.

---

गंगावेस_तालीम

मास्तर, आमच्या भाषेत सांगायचं तर आखाड्यात जागा चौघांची. नवा पैलवान उतरला की ज्याची पकड ढिली तो बाहेर. CI₃ ची पकड ढिली, CH₃ चा जोर मोठा. असं चालेल का?

---

करवीरकर_मास्तर

@गंगावेस_तालीम, बरंचसं चालेल. फक्त बेंझाल्डिहाइडच्या वेळी लक्षात ठेवा, तिथला पैलवान आखाड्याबाहेर मोकळा पडत नाही. एका आखाड्यातून उचलून थेट शेजारच्या आखाड्यात ठेवला जातो. तो मोकळा सुटता तर पाण्यातून प्रोटॉन घेऊन हायड्रोजन वायू झाला असता.

आणि @नादखुळा_०९, तुमचा नियम निम्मा बरोबर आहे. क्लोरल घ्या, CCl₃CHO. याला अल्फा हायड्रोजन आहे का?

---

नादखुळा_०९

नाही. तीन क्लोरीन आहेत. म्हणजे कॅनिझारो. ट्रायक्लोरोइथेनॉल आणि ट्रायक्लोरोअ‍ॅसिटेट.

---

करवीरकर_मास्तर

नियमाने तेच येतं. पण क्लोरलमध्ये कॉस्टिक घातलं की क्लोरोफॉर्म आणि सोडियम फॉर्मेट मिळतं. आता नियम बाजूला ठेवा आणि प्रश्न विचारा. OH आला. कार्बनवर H, CCl₃ आणि OH. कोण सुटणार? H ला तर न्यायला कुणीतरी लागतं, CCl₃ एकटा जाऊ शकतो. तो गेला, प्रोटॉन घेतला, CHCl₃ झाला. मागे राहिलं ते फॉर्मिक अ‍ॅसिड, त्याचा फॉर्मेट.

म्हणजे तुमच्या नियमाने जे वेगळे चॅप्टर म्हणून बाजूला टाकले होते, त्यातलाच एक इथे मधे आला. क्लोरलची चिठ्ठी आयोडोफॉर्मच्या चिठ्ठीची सख्खी बहीण आहे.

---

नादखुळा_०९

मास्तर, पटलं. हाच प्रश्न मला एका टेस्टला आला होता आणि मी कॅनिझारो लिहून आलो होतो. चूक कुठे झाली ते आज कळलं.

---

तवंदी_घाट

सगळं छान आहे, पण एक विचारतो. कॉस्टिक ५० टक्के की पातळ, हे कुठून कळलं? पाठच केलंत ना? रोझेनमुंडला पॅलेडियम कशावर बसवायचं, त्यात विष कसलं घालायचं, हे कुठल्या बाणातून निघतं? एटार्ड, स्टीफन, क्लेमेन्सन ही नावं? प्रश्नात नाव देतात आणि पदार्थ विचारतात.

---

करवीरकर_मास्तर

नावं पाठच करावी लागतात, त्यात वाद नाही. रोझेनमुंडचं बेरियम सल्फेटही तसंच लक्षात ठेवावं लागतं. क्लेमेन्सनसारख्या धातूच्या पृष्ठभागावर होणाऱ्या रिअ‍ॅक्शन्सना बारावीच्या बाणांनी हात लावू नये, तिथे उगाच खोटा मेकॅनिझम तयार होतो. माझ्या अंदाजाने तुमच्या १६४ पैकी पन्नासेक चिठ्ठ्या तशाच राहतील.

पण घट्ट कॉस्टिक पाठ करावं लागत नाही. बेंझाल्डिहाइडच्या त्या अवघड पायरीत H ढकलायला O⁻ चा जोर लागतो. कॉस्टिक घट्ट असलं की OH चाही प्रोटॉन निघतो आणि एकाच कार्बनवर दोन O⁻ होतात. जोर दुप्पट. पातळ कॉस्टिकमध्ये हे फारसं होत नाही.

---

विद्यापीठ_रोड

शिवाजी विद्यापीठातून एम.एस्सी. केलंय, ऑरगॅनिक. मास्तरांनी H थेट सोपवला जातो म्हटलं त्याचा पुरावा फार देखणा आहे. हीच रिअ‍ॅक्शन साध्या पाण्याऐवजी जड पाण्यात, D₂O मध्ये केली. H जर मोकळा सुटून पाण्यातून पुन्हा आला असता, तर अल्कोहोलच्या कार्बनवर D सापडायला हवा होता. सापडला नाही. म्हणजे कार्बनवर आलेला नवा H दुसऱ्या अल्डिहाइडकडूनच आला.

आता प्रॅक्टिकलची गोष्ट. आम्ही बेंझाल्डिहाइड आणि घट्ट कॉस्टिक पोटॅश बाटलीत एकत्र हलवून रात्रभर ठेवलं होतं. सकाळी आत पांढरट घट्ट लगदा. पाणी घालून तो विरघळवला, इथरने अल्कोहोल काढून घेतलं, उरलेल्या पाण्यात HCl घातलं तसा पांढरा बेंझोइक अ‍ॅसिडचा साका बसला. मेल्टिंग पॉइंट १२२ च्या जवळ आला. सगळे खूश.

मॅडमनी मात्र विचारलं, "बाटली किती जुनी होती?" कारण बेंझाल्डिहाइड हवेनेच बेंझोइक अ‍ॅसिड होतं. जुन्या बाटलीच्या तोंडाशी पांढरी खपली धरते ती तीच. म्हणजे नुसतं अ‍ॅसिड मिळालं म्हणून कॅनिझारो झाली असं म्हणता येत नाही. इथरमधून बेंझाइल अल्कोहोल निघालं तरच झाली. आमच्या शेजारच्या टेबलवरच्या मुलांना अ‍ॅसिड भरपूर मिळालं होतं आणि अल्कोहोल जवळजवळ नव्हतंच. आणखी एक, काचेचं बूच लावू नका. कॉस्टिकमुळे ते असं बसतं की सकाळी निघत नाही. रबराचं लावा.

---

चंदनगंध

मी केमिस्ट्री दहावीनंतर सोडली, पण घरी साबण करते म्हणून हा धागा वाचला. एथिल अ‍ॅसिटेटची चिठ्ठी वाचून वाटलं, हे तर माझंच काम. बरोबर का?

मी ५०० ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण ८७ ग्रॅम कॉस्टिक घेते. हिशोबाने ९१ ग्रॅमच्या आसपास लागतं, पण पाचेक टक्के कमी घेते म्हणजे थोडं तेल शिल्लक राहतं आणि हात फाटत नाहीत. कॉस्टिक पाण्यात हळूहळू घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही. मला शिकवणाऱ्या काकूंनी एवढंच सांगितलं होतं की वजन चुकलं तर साबण चुकतो. एकदा काटा बिघडला होता आणि कॉस्टिक जास्त पडलं. वडी पांढरी शुभ्र झाली, वर पूड आली आणि तळहात आठवडाभर चुरचुरत होते.

---

करवीरकर_मास्तर

ताई, अगदी बरोबर. तेलाच्या एका रेणूत एस्टरचे तीन सांधे असतात. OH⁻ येतो, O⁻ होतो, ग्लिसरीनची बाजू सुटते, असं तीनदा. तीन साबण आणि एक ग्लिसरीन. एका सांध्याला एक कॉस्टिक कायमचं खर्ची पडतं, कारण शेवटी अ‍ॅसिडचा प्रोटॉन जातो आणि मीठ होतं. ते कॉस्टिक परत मिळत नाही, म्हणून वजन मोजावं लागतं. अल्डॉलमध्ये कॉस्टिक परत मिळतं, तिथे थोडंसं पुरतं. प्रश्नात 'किती कॉस्टिक' दिलं असेल तर त्याकडेही लक्ष जायला हवं, ते यासाठी.

---

चंदनगंध

कॉस्टिक खर्ची पडतं! सात वर्षं वजन करतेय, पण का करतेय ते आज कळलं. काकूंना फोन करून सांगते.

---

तवंदी_घाट

मी अजून माझ्या मुद्द्यावर आहे. परीक्षा तोंडावर आली असताना पद्धत बदलणं धोक्याचं. हे अकरावीच्या सुट्टीत करायचं काम आहे.

---

विद्यापीठ_रोड

@तवंदी_घाट, पद्धत बदलायची गरज नाही. चिठ्ठ्या त्याच, फक्त एकाखाली एक न लावता गटाने लावायच्या. कार्बोनिलवर, म्हणजे C=O च्या कार्बनवर, कुणीतरी येतो आणि कुणीतरी सुटतो, हा एक गट. येतो पण कुणीच सुटत नाही, हा दुसरा. ग्रिन्यार, म्हणजे मॅग्नेशियमला जोडलेला कार्बनचा गट, अल्डिहाइडबरोबर दुसऱ्या गटात आणि एस्टरबरोबर दोन्ही गटांत. आधी OR सुटतो, कीटोन होतो, त्यावर दुसरा ग्रिन्यार येतो आणि आता सुटायला कुणी नसतं.

---

तवंदी_घाट

गटाने लावणं ठीक. पण मार्चमध्ये ज्याला १६४ तोंडपाठ आहेत तो पुढे असेल, असं माझं मत कायम आहे.

---

पंचगंगाकाठ

नऊ दिवसांनी परत आलो. तिने कपाटाचं एक दार मोकळं केलं आणि चिठ्ठ्या पुन्हा लावल्या. कार्बोनिलच्या ५८ होत्या, त्या सहा गटांत बसल्या. ग्रिन्यार आणि एथिल अ‍ॅसिटेटचं उत्तर तिने न बघता काढलं, मिथाइल ग्रिन्यार दोन वेळा घेऊन टर्शरी ब्युटाइल अल्कोहोल. मी मागे बघितलं, बरोबर होतं.

पण काल एक अडचण आली. अ‍ॅसिटॅमाइड आणि कॉस्टिक. तिने विचार केला, OH आला, आता CH₃, NH₂ आणि OH यांत कोण सुटणार? मास्तरांच्या क्रमात NH₂ चा ३८ आणि OH चा पाण्यावरून १६ च्या जवळ. म्हणजे OH च परत जाणार, काहीच होणार नाही. तिने 'नो रिअ‍ॅक्शन' लिहिलं. चिठ्ठीच्या मागे सोडियम अ‍ॅसिटेट आणि अमोनिया आहे. तिचं म्हणणं, पद्धत चुकली. मी काय सांगू?

---

नादखुळा_०९

मला पण तेच उत्तर आलं. मास्तर?

---

करवीरकर_मास्तर

तिला सांगा, विचार पूर्ण चुकलेला नाही, एक पायरी राहिली. बहुतेक वेळा OH च परत जातो, हे तिचं खरं आहे. पण NH₂ ला NH₂⁻ म्हणून जावं लागत नाही. तो निघता निघता भोवतालच्या पाण्यातून एक प्रोटॉन उचलतो आणि अमोनिया होऊन बाहेर पडतो. अमोनिया म्हणून जाणं त्याला मुळीच जड नाही. असं क्वचितच जमतं, पण एकदा जमलं की अ‍ॅसिडचा प्रोटॉन कॉस्टिक घेतं आणि अ‍ॅसिटेट होतं, दार बंद. उकळत ठेवलं की अमोनिया वायू होऊन निघून जातो, तोही परत येत नाही.

म्हणून एस्टरला जे सहज होतं, त्याला अमाइडमध्ये बराच वेळ उकळावं लागतं. आणि अ‍ॅसिडमध्ये केलं तर नायट्रोजनला प्रोटॉन आधीच मिळतो, तो अमोनियम म्हणून उरतो. "कोण सुटणार" याच्या पुढे "कुठल्या रूपात सुटणार" हे दुसरं विचारायचं. ते मी पहिल्या उत्तरात सांगायला हवं होतं, राहून गेलं.

---

विद्यापीठ_रोड

कॉलेजच्या लॅबला सांगून बघायला लावा. टेस्ट ट्यूबमध्ये चिमूटभर अ‍ॅसिटॅमाइड, थोडं कॉस्टिकचं द्रावण. थंडीत वास येत नाही, तिचं 'नो रिअ‍ॅक्शन' तिथे खरंच दिसतं. मग गरम करा आणि तोंडाशी ओला लाल लिटमस धरा. काचेला लावू नका, कॉस्टिक लागलं तर उगाच निळा होतो.

---

पंचगंगाकाठ

आज लॅबमध्ये केलं तिने. मॅडमनी परवानगी दिली. थंड असताना लिटमस लालच राहिला, तो तिने वहीत चिकटवलाय. गरम केल्यावर कडेपासून निळा होत गेला तोही शेजारी चिकटवलाय. खाली लिहिलंय, "NH₃ म्हणून सुटला."

आता ती विचारतेय, आयोडोफॉर्ममध्ये अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड का चालत नाही, त्यालाही CH₃ आणि C=O दोन्ही आहेत ना? मास्तर, उत्तर सांगू नका. तिला रात्रभर बघू दे.

---

करवीरकर_मास्तर

नाही सांगत. एवढंच सांगा, कॉस्टिक पडलं की अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचं पहिल्या क्षणी काय होतं ते आधी काढ म्हणावं.